बाजूला वळलेल्या चेहऱ्यांची अदलाबदल : डोक्याची पोझ मोजण्याच्या तीन पद्धती

चित्रपटात स्टंट डबलच्या चेहऱ्याच्या जागी मुख्य नटाचा चेहरा बसवायचा असतो, तेव्हा समोरून घेतलेले शॉट सहसा फारसा त्रास देत नाहीत. खरी अडचण येते ती डोके ५० अंशांपलीकडे बाजूला वळलेले असते तेव्हा. आणि नटाची उपलब्ध फ्रेम डावीकडे वळलेली, तर डबलची उजवीकडे वळलेली असेल, तर ती आणखी वाढते. अशा वेळी एक चित्र ताणून दुसऱ्यावर बसवता येत नाही. दोन्ही डोक्यांची अवकाशातील दिशा, म्हणजे पोझ, आधी मोजावी लागते आणि त्यासाठी चेहऱ्याचे त्रिमितीय मॉडेल चित्रावर जुळवून पाहावे लागते. हे तीन प्रकारे करता येते : कोणाचाही नसलेला सरासरी चेहरा वापरून, त्या व्यक्तीच्या आकाराशी जुळवलेले मॉडेल वापरून, किंवा प्रशिक्षित न्यूरल नेटवर्ककडून थेट उत्तर घेऊन. यांपैकी काय निवडावे हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

सरासरी चेहरा

ही सर्वांत सोपी पद्धत आहे. लँडमार्क शोधणाऱ्या प्रणालीकडून भुवया, डोळे, नाक, ओठ आणि जबडा यांवरचे ६८ बिंदू घ्यायचे, सरासरी चेहऱ्याच्या मेशवरील, म्हणजे त्रिमितीय जाळीवरील, तेच बिंदू निवडायचे आणि दोहोंची सांगड घालणारे भ्रमण व स्थानांतर काढायचे. ओपनसीव्ही या प्रतिमाप्रक्रियेच्या लायब्ररीमध्ये हे एका ओळीचे काम आहे; यातील `K` म्हणजे फोकल लेंथ वगैरे सांगणारे कॅमेऱ्याचे मॅट्रिक्स :

```python
ok, rvec, tvec = cv2.solvePnP(model_pts, image_pts, K, dist,
                              flags=cv2.SOLVEPNP_SQPNP)
```

डोके २०-२५ अंशांपर्यंत वळलेले असेल तर याचे उत्तर बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. त्यापुढे काय होते ते ढोबळ मापे घेऊन पाहू. सरासरी मॉडेलमध्ये नाकाचे टोक डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या पातळीपेक्षा ४ सेंटीमीटर पुढे आहे आणि प्रत्येक कोपरा मध्यरेषेपासून ४.५ सेंटीमीटर दूर आहे असे धरू. नटाचे नाक याहून थोडे लांब आहे. त्याची खोली ४.४ सेंटीमीटर आहे. चेहऱ्याचे प्रमाण उभ्या मापांवरून कळलेले आहे असेही मानू.

डोके २० अंश वळलेले असताना दोन्ही डोळे दिसतात, म्हणून नाकाचे टोक डोळ्यांच्या मध्यबिंदूपासून किती सरकले हे मोजता येते. ते ४.४ × sin २०°, म्हणजे सुमारे १.५ सेंटीमीटर सरकलेले दिसेल. मॉडेल मात्र ४ सेंटीमीटर खोली धरून हिशेब करते, त्यामुळे त्याचे उत्तर २२ अंश येते. २ अंशांची ही चूक खपून जाते.

आता तेच डोके ७० अंश वळवू. पलीकडचा डोळा नाकाआड गेला, म्हणून आता अलीकडचा कोपरा आणि नाकाचे टोक यांतील आडवे अंतरच हाती राहते. ते ४.४ × sin ७०° + ४.५ × cos ७०°, म्हणजे ५.६७ सेंटीमीटर भरते. सरासरी मॉडेलने हे अंतर येण्यासाठी सुमारे ६१ अंशांचे वळण लागते. नाकाच्या खोलीतील १० टक्क्यांच्या फरकाने कोनात ९ अंशांची चूक झाली. प्रत्यक्षात इतर बिंदू मिळून ही चूक काही प्रमाणात आवरतात, पण तिची दिशा बदलत नाही : वळण जितके जास्त, तितका चेहऱ्याचा आकार कोनाच्या हिशेबात घुसतो.

जबड्याचे बिंदू यात भर घालतात. समोरून पाहताना ६८ बिंदूंपैकी पहिले १७ जबड्याच्या हाडाच्या कडेवर असतात. डोके वळले की पलीकडची कड झाकली जाते, आणि चित्रावर खुणा करणारा माणूस किंवा प्रणाली ते बिंदू गालाच्या दिसणाऱ्या बाह्यरेषेवर सरकवते. मेशवरचे बिंदू मात्र मूळ जागीच राहतात. जोड्या चुकीच्या लागतात आणि चेहरा प्रत्यक्षापेक्षा कमी वळलेला ठरतो. यावर उपाय दोन : ३५-४० अंशांनंतर पलीकडचे जबड्याचे बिंदू हिशेबातून वगळायचे, किंवा प्रत्येक आवर्तनात त्या क्षणीच्या पोझमध्ये मेशच्या बाह्यरेषेवर येणारे शिरोबिंदू नव्याने निवडायचे. दुसरा उपाय अधिक कष्टाचा असला तरी मी तोच करतो, कारण तीव्र वळणात बाह्यरेषाच सर्वांत जास्त माहिती देते.

दोन चुका केव्हा एकमेकींना खातात

सरासरी चेहरा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. युवाल नीरकिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की दोन्ही चेहऱ्यांसाठी एकच ठरावीक आकार वापरून, फक्त पोझ आणि हावभाव जुळवूनही अदलाबदल चांगली होते, आणि चेहऱ्याचे विभाजन, म्हणजे चित्रातील चेहऱ्याचा भाग वेगळा काढणे, नेमके असणे अधिक निर्णायक ठरते. अदलाबदलीला दोन डोक्यांमधील सापेक्ष कोन लागतो, हे लक्षात घेतले की याची संगती लागते. नट आणि डबल दोघेही उजवीकडे ७० अंश वळलेले असतील आणि दोघांचाही कोन ६१ मोजला गेला, तर फरक शून्यच राहतो व चूक दिसत नाही. एक उजवीकडे ७० आणि दुसरा डावीकडे ७० असेल, तर खरा फरक १४० अंशांचा असून मोजलेला १२२ भरतो. चुकांची बेरीज होते, आणि बसवलेले नाक डबलच्या बाह्यरेषेच्या आत राहते किंवा बाहेर येते.

म्हणून पहिला निर्णय शॉटची यादी समोर ठेवून घ्यावा. नटाच्या फ्रेम डबलच्याच बाजूला, साधारण तेवढ्याच वळलेल्या मिळत असतील, तर सरासरी चेहऱ्यावर काम भागते. उलट बाजूच्या फ्रेमवरच भिस्त असेल तर भागत नाही.

व्यक्तीच्या आकाराशी जुळवलेले मॉडेल

ब्लान्झ आणि फेटर यांनी १९९९ मध्ये २०० चेहऱ्यांच्या स्कॅनवरून असे मॉडेल मांडले की ज्यात थोडे गुणांक बदलून वेगवेगळे चेहरे मिळतात. आज बासेल फेस मॉडेल आणि २०१७ चे फ्लेम ही दोन नावे बहुतेक ठिकाणी भेटतात. फ्लेममध्ये ५०२३ शिरोबिंदू आहेत आणि मान, जबडा व डोळ्यांच्या बुबुळांसाठी स्वतंत्र सांधे आहेत. तोंड उघडण्याला मानेच्या हालचालीपासून वेगळे ठेवता येते, म्हणून वळलेल्या डोक्यांसाठी मला ते अधिक सोयीचे वाटते.

मात्र प्रत्येक फ्रेमवर आकार आणि पोझ दोन्ही मोकळे सोडले, तर दुखणे केवळ जागा बदलते. वरच्या उदाहरणात ५.६७ सेंटीमीटर हे अंतर लांब नाक ७० अंश वळवूनही मिळते आणि सरासरी नाक ६१ अंश वळवूनही मिळते. एका चित्रातून या दोहोंत निवड करता येत नाही, आणि गणित सरासरीकडे ओढणाऱ्या नियमन पदाच्या वजनानुसार कुठेतरी मध्ये थांबते. त्यामुळे आकाराचे गुणांक एका व्यक्तीच्या सर्व फ्रेमसाठी एकच ठेवावेत आणि पोझ व हावभाव तेवढे फ्रेमगणिक बदलू द्यावेत.

प्रत्यक्षात मी नटाच्या १५-२० फ्रेम निवडतो : समोरच्या, दोन्ही बाजूंच्या तिरप्या आणि दोन्ही बाजूंच्या जवळजवळ पूर्ण प्रोफाइलच्या, शक्यतो शांत हावभावाच्या. समोरच्या फ्रेम रुंदी ठरवतात, प्रोफाइल नाकाची व हनुवटीची खोली ठरवतात, आणि एकत्र सोडवल्यावर मघाची संदिग्धता सुटते. आकाराचे पहिले ८० ते १०० गुणांक पुरतात. मग ते गोठवायचे आणि शॉटमधील प्रत्येक फ्रेमसाठी केवळ पोझ व हावभाव काढायचे. डबलसाठीही हेच स्वतंत्रपणे करावे लागते. नटाचा आकार नेमका आणि डबलचा सरासरी असेल, तर चुका एकमेकींना खाण्याची सोयही हातची जाते.

जुळवणी बिघडली आहे का, हे ओळखण्याची एक पक्की खूण आहे. गोठवण्याआधी प्रत्येक फ्रेमसाठी आकार स्वतंत्रपणे काढून पाहावा आणि नाकाची खोली वळणकोनाच्या समोर आलेखावर मांडावी. माणसाचे नाक मान वळवल्याने लांब होत नाही. आलेख चढता किंवा उतरता दिसला, तर आकार पोझची चूक लपवत आहे. दुसरी तपासणी म्हणजे जुळवणीत न वापरलेल्या प्रोफाइल फ्रेमवर मेशची बाह्यरेषा टाकून नाकाचा मधला भाग आणि हनुवटीखालचा कोन पाहणे. फरक सर्व फ्रेममध्ये एकाच दिशेला असेल, तर तो गोंगाट नसून पक्षपात असतो.

नेटवर्कचे थेट उत्तर

`3DDFA_V2` सारखी नेटवर्क एका फ्रेममधून गुणांक आणि पोझ एकदम देतात, तीही साध्या प्रोसेसरवर प्रत्यक्ष वेळेत. हजारो फ्रेम चाळून योग्य कोनाच्या निवडायच्या असतील तर यांना पर्याय नाही. शेवटच्या जुळवणीसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये, आणि त्याचे कारण प्रशिक्षणाच्या सामग्रीतच आहे. तीव्र वळणांसाठी सर्रास वापरला जाणारा `300W-LP` हा संच प्रामुख्याने कमी वळलेल्या छायाचित्रांवर त्रिमितीय मॉडेल जुळवून, मग ती कृत्रिमरीत्या फिरवून तयार केलेला आहे. त्यातील प्रोफाइल म्हणजे मॉडेलला जशी वाटते तशी बाजू असते. मूळ जुळवणीत नाक आखूड ठरले असेल तर नेटवर्क तेच सत्य म्हणून शिकते. शिवाय सलग फ्रेममध्ये उत्तर थरथरते. म्हणून ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावे आणि गोठवलेल्या आकारावर पुन्हा सोडवावे. कोन तीन आकड्यांत न साठवता भ्रमण मॅट्रिक्समध्ये साठवावेत, कारण नेहमीच्या क्रमात आडवे वळण ९० अंशांजवळ आले की उरलेले दोन कोन एकमेकांत मिसळतात.

भिंगाचा हिशेब

यांपैकी बरीच नेटवर्क सर्व बिंदू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असे धरतात. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये ते चालते. रुंद भिंगाने घेतलेल्या शॉटमध्ये डोके फ्रेमच्या कडेला, दृष्टिअक्षापासून २५ अंश बाजूला असेल, तर असे नेटवर्क डोके दृष्टिरेषेच्या संदर्भात किती वळले आहे ते सांगते. कॅमेऱ्याच्या संदर्भातील कोन त्याहून जवळपास तेवढ्याच अंशांनी वेगळा असतो. फोकल लेंथ शूटिंगच्या नोंदींतून मिळवून `K` मध्ये भरणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. ती मिळाली नाही, तर किमान एका शॉटपुरती एकच किंमत सर्व फ्रेमसाठी मिळून सोडवावी. फ्रेमगणिक मोकळी सोडू नये, नाहीतर डोके जवळ आले की भिंग बदलले, हे गणिताला सांगता येत नाही.

आकार जुळवूनही जे सुटत नाही

उलट बाजूच्या फ्रेममध्ये कोन बरोबर निघाला तरी डबलला हवा असलेला गाल नटाच्या त्या फ्रेममध्ये झाकलेलाच असतो. तो भाग दिसत नाही, एवढे मॉडेल अचूक सांगते. त्वचा मात्र देत नाही. दिसणारी बाजू आरशाप्रमाणे उलटवून भरली तर प्रकाशाची दिशाही उलटते, आणि तीळ किंवा भांग चुकीच्या बाजूला जातो. त्यामुळे उलट बाजूचा फरक १०० अंशांच्या पुढे जात असेल, तर आकार जुळवण्यावर आणखी वेळ घालवण्यापेक्षा नटाला त्याच प्रकाशात त्या बाजूने पुन्हा तासभर चित्रित करून घ्यावे, असे मी निर्मात्यांना सांगतो; त्याच फ्रेम पुढे आकार सोडवतानाही प्रोफाइल म्हणून उपयोगी पडतात.