शनिवारची रात्र की रविवारची संध्याकाळ? पार्टीतलं फ्लर्टिंग कशावरून जोखायचं

समजा, डिसेंबरातला वाढदिवस आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर. बारा-पंधरा जण, शेकोटी, मोठा स्पीकर. त्यात एक ती, एक तो. तो तिच्या मैत्रिणीच्या भावाचा मित्र, तिला याआधी एकदाच भेटलेला. रात्रभर दोघं शेजारी-शेजारी. थंडी वाढली तसं त्याने आपलं जॅकेट तिला दिलं, कानाशी येऊन बोलला, "तुझ्यासारखी मुलगी अजून सिंगल कशी?" हेही विचारून झालं. निघताना एकमेकांचे नंबर घेतले. रविवारी सकाळी ते जॅकेट तिच्या घरी खुर्चीवर पडलंय आणि डोक्यात एकच प्रश्न: खरंच आवडले, की त्याला चढली होती?

उत्तर शोधायला तिच्याकडे दोन साक्षीदार आहेत, कालची रात्र आणि आजचा दिवस. दोघांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

आधी रात्र. 'दारूत माणूस खरं बोलतो' हे आपल्याकडे फार छातीठोकपणे सांगितलं जातं, पण ते अर्धंच बरोबर आहे. स्टील आणि जोसेफ्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं की दारूने लक्षाचा पल्ला आखूड होतो. समोर जे आहे तेवढंच मोठं दिसतं: शेजारी बसलेली व्यक्ती, शेकोटी, गाणं. लांबचं सगळं, म्हणजे सोमवार, जुनं प्रेमप्रकरण, 'मला हे खरंच हवंय का' हा विचार, नजरेआड जातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात पुरुषांना दारू पिऊन आणि न पिता असे दोन्ही वेळा फोटो दाखवले. प्यायल्यावर त्यांना चेहरे जास्त सुंदर वाटले असं दिसलं नाही. पण जे चेहरे सुंदर वाटत होते, त्यांना भेटायची तयारी मात्र वाढली. म्हणजे आवड बहुधा त्याची स्वतःची, धाडस ग्लासातलं. आता ते धाडस उतरल्यावर आवड किती उरते, एवढंच बघायचं राहतं.

म्हणून रात्रीच्या खुणांची किंमत वेगवेगळी लावावी लागते. कानाशी येऊन बोलणं जवळपास शून्य, कारण त्या स्पीकरपुढे मावशीशीही तसंच बोलावं लागतं. जॅकेट देणं हा धरणाकाठच्या थंडीत शिष्टाचार आहे. तिसऱ्या ग्लासानंतरची स्तुती जमेत धरू नका. याउलट, पहिला ग्लास हातात यायच्या आधी तो कुठे बसला होता? तुम्ही नऊ वाजता सांगितलेली गोष्ट त्याने अकरा वाजता स्वतःहून पुन्हा काढली का? दहा मिनिटं लांबून बघितलं तर इतर मुलींशीही तो तसाच लाडात बोलत होता का? या तीन गोष्टी आठवत असतील तर रात्रीची साक्ष ऐकण्यासारखी आहे. आणि आठवत नसतील तर आपण किती घेतली होती, तेही हिशेबात धरा.

आता दिवस. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळ झाली म्हणजे उतरली, असं समजणं. हिशेब साधा आहे. वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि शरीर तासाला ढोबळ ७-८ ग्रॅम संपवतं. रात्री नऊला सुरुवात करून तीन ग्लास घेतले तर पहाटे तीनच्या सुमारास हिशेब मिटतो. पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या वर असतं. अशा तीन बाटल्या झाल्या असतील तर रविवारी दुपारी एकपर्यंत ती अंगात असू शकते. वेग माणसागणिक बदलतो. झोप, कॉफी किंवा तर्रीदार मिसळ तो वाढवत नाही. त्यामुळे पहाटे दोनला आलेला "पोचलीस का? मिस यू" हा रात्रीचाच मेसेज, तारीख रविवारची असली तरी.

आणि सकाळ उलट्या बाजूनेही फसवते. हँगओव्हरमध्ये तोंड कोरडं, झोप अर्धवट, छातीत धडधड, आणि आपण काल काय काय बोललो याची लाज. त्या अवस्थेत चांगला माणूसही नकोसा वाटतो. सकाळी नऊला 'छे, काहीतरीच झालं' असं वाटलं तर त्यावरही शिक्का मारू नका. निकाल रविवारी संध्याकाळी पाचनंतर, जेवण आणि एक झोप झाल्यावर.

तोवर एक मेसेज पाठवायला हरकत नाही, पण कसला, यावर बरंच अवलंबून आहे. "काल मजा आली!" याला "हो ना, मस्तच" असंच उत्तर येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "तुझं जॅकेट माझ्याकडे राहिलंय. आणि तू त्र्यंबकच्या ट्रेकबद्दल सांगत होतास ते अर्धंच राहिलं." यात एक ठोस वस्तू आहे, एक ठोस आठवण आहे, आणि त्याला हवं तर सहज निसटता येईल अशी वाटही आहे. कालच्या स्तुतीचा किंवा जवळिकीचा उल्लेख मात्र टाळा. खूप प्यायलेल्या माणसाच्या मेंदूत त्या तासांची आठवण साठतच नाही; बाहेरून तो नीट बोलताना, नाचताना दिसत असतो. "आठवतंय ना काय म्हणालास?" असं विचारलं की तो घाबरून 'हो' म्हणेल, आणि तुम्ही त्या 'हो'वर इमले बांधाल.

(मुलगे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: साध्या मोकळेपणाला आकर्षण समजण्याची चूक पुरुषांकडून जास्त होते, हे संशोधनात अनेकदा दिसलंय. स्वतःचा अंदाज एक पायरी खाली धरा. आणि रात्री ती ज्याला 'हो' म्हणाली, ते दिवसा पुन्हा विचारावं लागतं.)

आपल्या उदाहरणात तिने वरचा मेसेज दुपारी बाराला पाठवला असं धरू. "अरे हो, जॅकेट! राहू दे, दादाकडे देऊन ठेव" असं आलं, तर माणूस सभ्य आहे आणि गोष्ट संपली. "हाहा, ट्रेक... डोकं दुखतंय यार" एवढंच आलं, तर अजून काही ठरत नाही, संध्याकाळपर्यंत थांबायचं, पण दुसरा मेसेज आपण करायचा नाही. पुढचं पाऊल त्याचं. आणि सहा वाजता "जॅकेट घ्यायला मीच येतो. बुधवारी ऑफिसनंतर कॉलेज रोडला कॉफी? ट्रेकचं उरलेलं तेव्हा सांगतो" असं आलं, तर वार, जागा आणि कालचा धागा, तिन्ही त्याने स्वतःहून पकडलेत. ग्लास हातात नसताना.

त्यातही शुक्रवार-शनिवार रात्रीच्या 'पुन्हा बसू सगळे' पेक्षा बुधवारची कॉफी जास्त वजनाची, कारण तिथे शेकोटी नाही, स्पीकर नाही, आणि गप्पा अडल्या तर हात घालायला ग्लासही नाही. पाऊण तासात तिलाही कळेल की तिला तो आवडला होता, की त्याचं जॅकेट.