रिम तीच १४ इंची, मग टायर कोणता घ्यायचा?

पुतण्याच्या छोट्या गाडीचे टायर बदलायचे होते. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. एका टायरच्या कडेवर `165/80 R14 85T`, म्हणजे गाडीसोबत आलेलाच साईझ. दुसऱ्यावर `175/65 R14 82T`. "रिम तीच बसते, टायर रुंद आहे, पकड चांगली मिळेल," असं दुकानदाराने सांगितलं आणि पुतण्याला दुसरा आवडला. मी मात्र त्याला आकडेमोड करायला बसवलं.

पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. तिरप्या रेघेनंतरचा आकडा कडेच्या उंचीचा, पण तो मिलिमीटर नसून रुंदीचा टक्का असतो, आणि घोटाळा इथेच होतो. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. रिमच्या वर एक आणि खाली एक अशा दोन कडा धरून २६४, त्यात १४ इंचांचे साधारण ३५६ मिळवले की टायरची उंची ६२० मिमी. दुसऱ्याची कड १७५ चे ६५ टक्के, म्हणजे जेमतेम ११४ मिमी, आणि पूर्ण उंची ५८३. रुंद दिसणारा टायर ३७ मिमी बुटका निघाला! गाडी १८ मिमी खाली बसणार, म्हणजे गतिरोधकावर पोट घासायची भीती. शिवाय चाक लहान झाल्याने त्याच वेगाला ते जास्त फिरतं. आधी काटा बरोबर असेल, तर आता तो १०० दाखवताना खरा वेग ९४ च्या आसपास असेल, आणि किलोमीटरही फुगवून मोजले जातील.

भाराचं त्याहून महत्त्वाचं. ८५ म्हणजे ८५ किलो नव्हे. तो तक्त्यातला क्रमांक आहे. ८५ ला एका टायरवर ५१५ किलो, ८२ ला ४७५, तेही हवा योग्य दाबाची असेल तर. मागच्या दोन चाकांवर मिळून ८० किलोंची क्षमता गेली, आणि हा पुतण्या दर सुट्टीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात जातो.

वेगाचं अक्षर दोन्हींवर टी, १९० किमी. तिथे निवड करण्यासारखं काही नाही. आर म्हणजे रेडियल बांधणी. पुष्कळ जण त्याला रेडियस समजतात.

फोटोत काळ्यावर काळं असल्याने ८२ आणि ८५ एकसारखे दिसतात. टॉर्च बाजूने तिरपा धरून पुन्हा फोटो मागवावा. बऱ्याच टायरांवर `MAX LOAD` पुढे किलो छापलेले असतात, त्यावरूनही ताळा घेता येतो.

रुंद टायर हवाच असेल, तर `185/70 R14 88H` पाहावा. उंची ६१५, भार ५६० किलो, वेग २१० किमी. आपल्या रिमची रुंदी त्याला चालते का, तेवढं दुकानदाराकडून पक्कं करून घ्यावं. पुतण्याने शेवटी पहिलाच टायर घेतला.