सोनोग्राफी पोटावरून की आतून: माझे दोन रिपोर्ट

पाळी चाळीस-चाळीस दिवसांवर जायला लागली म्हणून डॉक्टरांनी मला सोनोग्राफी सांगितली. पहिल्यांदा मी पोटावरून केली, अकरा दिवसांनी आतून, म्हणजे टीव्हीएस. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. तुमच्या हातात चिठ्ठी असेल आणि ‘कुठली करू?’ असा प्रश्न असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

पोटावरच्या तपासणीत मला जाच झाला तो लघवी रोखण्याचा. लिटरभर पाणी पिऊन बसले. पाऊण तासाने आत घेतलं, तर ‘अजून भरली नाही’ म्हणून परत बाहेर. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा पोटावर प्रोब दाबला की जीव कासावीस व्हायचा, आणि मी सारखी अंग आखडून घेत होते. भरलेल्या मूत्राशयामुळे आतडी बाजूला सरतात आणि त्याच्या आडून गर्भाशय नीट दिसतं, म्हणून ती अट असते. कमी भरली तर वायू आड येतो, फार भरली तर अंडाशयं मागे ढकलली जातात. माझ्या रिपोर्टवर शेवटी लिहून आलं की अंडाशयं पुरेशी स्पष्ट दिसली नाहीत. तरी त्याखाली ‘दोन्हीकडे अनेक लहान फॉलिकल्स, पीसीओ पॅटर्न’ असंही होतं. किती फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या, तो आकडा नव्हता.

मला हीच ओळ सर्वांत खटकली. पीसीओडीचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर करतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि अंडाशयाचं रूप. माझी पाळी आधीच लांबलेली. म्हणजे त्या एका ओळीवर माझ्या कपाळी पीसीओडी लागणार होतं.

आतून तपासताना प्रोब अंडाशयाच्या अगदी जवळ जातो, त्यामुळे जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात आणि दोन-तीन मिलिमीटरचे फॉलिकल्ससुद्धा मोजता येतात. २ ते ९ मिलिमीटरचे तेवढेच मोजतात. माझे उजवीकडे ९ आणि डावीकडे ११ निघाले. जुन्या, २००३ च्या निकषात एका अंडाशयात १२ ची मर्यादा होती. यंत्रं सुधारली तशी २०१८ मध्ये ती २० वर नेली. मी दोन्हींत बसत नाही. पोटावरून तपासलं असेल तर मोजणीपेक्षा अंडाशयाच्या आकारमानावर, १० मिलिलिटरच्या मर्यादेवर, भर द्यावा असं मानतात.

पण तिथेही माझी फसगत झाली होती. पहिल्या रिपोर्टमध्ये उजवं अंडाशय ४.१ × २.६ × २.२ सेंटिमीटर होतं. तिन्हींचा गुणाकार करून साधारण निम्मं घेतलं की आकारमान मिळतं: जवळजवळ १२ मिलिलिटर. मात्र त्यातच २ सेंटिमीटरची गाठ होती. बीज सुटल्यावर उरणारी, आपोआप विरघळणारी ती गाठ. अशी गाठ असताना त्या बाजूचं आकारमान धरायचं नसतं. दुसऱ्या तपासणीत, पाळीच्या चौथ्या दिवशी, गाठ दिसलीच नाही आणि तेच अंडाशय ३.३ × २.१ × १.९ भरलं, म्हणजे ७ च्या आत.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की गाठीत आणि गर्भाशयाच्या अस्तरात दोन रिपोर्टांमध्ये दिसलेला फरक तपासणीच्या पद्धतीमुळे पडला नाही, तो पाळीच्या दिवसामुळे पडला. अस्तर पाळीच्या आठ दिवस आधी ११ मिलिमीटर होतं, चौथ्या दिवशी ४. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक. पाळीच्या आधी १६ पर्यंतही जाडी चालते. पाळी कायमची थांबलेल्या बाईला रक्तस्राव झाला तर मात्र ४ च्या वर जाडी गेल्यावर पुढची तपासणी करतात. त्यामुळे रिपोर्टवर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आहे का, हे आधी बघा. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ती जागा कोरी होती.

आतून तपासणीत संकोच होतो, हे मी नाकारत नाही. लघवी करून यायचं, प्रोबला कंडोम आणि जेल लावलेलं असतं, पाच-दहा मिनिटांत होतं. मला दाब जाणवला, दुखलं नाही. महिला डॉक्टर हव्यात असं फोनवरच सांगितलं होतं. ज्यांचा शरीरसंबंध झालेला नाही त्यांच्यासाठी पोटावरूनचीच योग्य. मोठा फायब्रॉइड किंवा बेंबीपर्यंत पोचलेली गाठ असेल तरीही आधी पोटावरूनच बघावं लागतं, कारण आतल्या प्रोबची नजर तेवढी लांब जात नाही.

पण प्रश्न फॉलिकल्स मोजण्याचा असेल आणि तुमची हरकत नसेल, तर मी म्हणेन पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आतूनच करा. माझा दुसरा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी पीसीओडीच्या गोळ्या लिहिण्याआधी थायरॉइड तपासायला सांगितलं. टीएसएच वाढलेलं निघालं.