लेन्सशी संपर्क तुटल्याचा संदेश: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा डीएसएलआर कॅमेरा त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ मिमी झूम लेन्ससह मी आठ महिने जवळजवळ रोज वापरतो आहे. चित्राचा दर्जा आणि बॅटरी यांविषयी माझी तक्रार नाही. चौथ्या महिन्यात मात्र फोटो काढता काढता पडद्यावर संदेश आला की, कॅमेरा आणि लेन्स यांच्यात संपर्क होत नाही. बंद-चालू केल्यावर दोन-तीन फोटो निघत आणि पुन्हा तोच संदेश येई.

लेन्स काढायला गेलो तर ती हलेना. मी आधीच जोर लावून फिरवल्यामुळे कुलपाची खीळ तिच्या खाचेच्या कडेवर दाबली गेली होती, आणि अशा वेळी लेन्स सोडवण्याचे बटण दाबूनही खीळ पुरती आत जात नाही. कॅमेरा बंद करून बॅटरी काढली, लेन्स बसवताना फिरवतो त्या दिशेने ती किंचित नेली, बटण तळापर्यंत दाबून धरले आणि मग उलट फिरवली. ती अलगद सुटली. पक्कड किंवा पेचकस मध्ये घातला असता, तर माउंटच वाकले असते.

लेन्सच्या मागच्या सोनेरी संपर्कबिंदूंपैकी दोनांवर बोटाच्या तेलकटपणाचा पुसट, करडा थर होता. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने तो पुरता निघाला नाही, म्हणून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर लागेल इतकेच लावून बिंदू पुसले. खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरू नये, कारण वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. कॅमेऱ्याच्या बाजूच्या पिना स्प्रिंगवर असतात. त्या कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून कोरड्या काडीने हलकेच पुसल्या, आतल्या आरशाला स्पर्श केला नाही. पाच-दहा मिनिटांनी लेन्स टक असा आवाज येईपर्यंत फिरवून बसवली आणि नंतरच बॅटरी घातली. सुरक्षित रीसेट म्हणतात तो माझ्या मते एवढाच. मेनूतल्या रीसेटने केवळ सेटिंग्ज मूळपदावर येतात, संपर्कावर त्याचा काही परिणाम होत नाही.

त्यानंतर तीन महिने संदेश आला नाही. गेल्या महिन्यात तो परतला, पण वेगळ्या तऱ्हेने: १८ मिमीवर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र, f/3.5 ला पूर्ण खुले ठेवले की फोटो निघे, f/8 ला लहान केले की दर वेळी चूक येई. अॅपर्चर पूर्ण खुले असते तेव्हा त्याची पाती हलवावी लागत नाहीत. F/8 ला मात्र शटर उघडण्याआधी ती मिटावी लागतात. संपर्कबिंदू स्वच्छ होते आणि दुसरी लेन्स याच कॅमेऱ्यावर f/8 ला बिनतक्रार चालली. म्हणजे दोष पहिल्या लेन्सच्या अॅपर्चर यंत्रणेत किंवा तिच्या आतल्या पट्टीसारख्या केबलमध्ये होता, आणि तिथे पुसून काही साधणार नव्हते. लेन्स न उघडता मी ती दुरुस्तीला दिली आणि सोबतच्या चिठ्ठीत कोणत्या अॅपर्चरला चूक येते तेही लिहिले.