शेड्यूल केलेला मेसेज: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारी २०२५ पासून स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपमध्ये मेसेज आधी लिहून ठेवायचा आणि समोरच्याच्या सकाळी पाठवायचा, असा माझा रोजचा उद्योग आहे. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. आम्ही कंट्रोल पॅनेल बनवतो, त्यांचं सॉफ्टवेअर बर्लिनमधली टीम सांभाळते. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यांची शनिवार-रविवार. म्हणजे रविवारी आमच्या मशिनी धडधडत असतात तेव्हा ते लोक घरी असतात, आणि टेस्टिंगमधल्या निम्म्या भानगडी नेमक्या रविवारीच सापडतात.

आधी मी सापडलं की लगेच पाठवायचो. "त्यांनी नोटिफिकेशन बंद ठेवावं, आपण कशाला विचार करायचा" असं आमचे सर म्हणायचे, आणि तेव्हा मलाही ते पटत होतं. पण खरी अडचण फोन वाजण्याची नव्हती. तिकडची टेस्टिंग लीड रविवारी संध्याकाळी सहज फोन उघडायची, माझा मेसेज वाचायची, "उद्या बघू" म्हणून ठेवून द्यायची. वाचल्यामुळे त्यावरची न वाचल्याची खूण गेलेली. सोमवारी सकाळी चॅनेल उघडलं की ठळक अक्षरांत दिसायचं ते दुसऱ्यांचं, माझं वर कुठेतरी गडप. दोनदा असं झालं, मग मी शेड्यूल करायला लागलो.

करायला सोपं आहे. मेसेज लिहायचा, पाठवण्याच्या बटणाशेजारचा छोटा बाण दाबायचा आणि वेळ निवडायची. ॲप स्वतःहून एकदोन वेळा सुचवतं, पण मी दरवेळी Custom time मध्ये जाऊन तारीख आणि वेळ स्वतः टाकतो. मोबाइलवर पाठवण्याचं चिन्ह दाबून धरलं की हेच येतं. मेसेज त्यांच्या सर्व्हरवर राहतो, त्यामुळे लॅपटॉप बंद असला, अंबडची लाइट गेली, तरी वेळेवर जातो. १२० दिवसांपर्यंत पुढचा लावता येतो. लावलेले सगळे मेसेज डावीकडच्या Drafts & sent मध्ये Scheduled खाली दिसतात. तिथून मजकूर बदलता येतो, वेळ बदलता येते, रद्दही करता येतं. समोरच्याला तो साधा मेसेज म्हणूनच दिसतो, आधी लिहून ठेवला होता हे कळत नाही.

इथपर्यंत सगळं गोड. आता मार्चची गोष्ट.

हिवाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे १:३०. जानेवारीपासून हा आकडा माझ्या बोटांत बसला होता. २८ मार्चला, शुक्रवारी, मी संध्याकाळी निघायच्या घाईत होतो. शनिवारी सुट्टी, रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा, सोमवारी ३१ ला रमजान ईद, म्हणजे सलग तीन दिवस कारखाना बंद. जाण्याआधी एक मेसेज लावला: सोमवारच्या अपडेटमध्ये तापमान सेन्सरची जुनी फाइल घालू नका, नवी फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहे. वेळ सोमवार, दुपारी १:३०. त्यांची रोजची सकाळची बैठक साडेनऊला असते, त्याआधी अर्धा तास हातात. शंका नको म्हणून निघताना लीडच्या प्रोफाइलवर तिची स्थानिक वेळ पाहिली. बरोब्बर साडेचार तासांचा फरक. समाधानाने बॅग उचलली.

सोमवारी दुपारी मी जुन्या नाशकात मित्राच्या घरी शीरखुर्मा खात होतो. फोनवर पाहिलं, १:३० ला मेसेज गेलेला. माझ्या दृष्टीने काम झालं. मंगळवारी सकाळी कळलं की जुनी फाइल चढवली गेली होती आणि ती उतरवून पुन्हा सगळं चाचणीला लावण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला होता. मी थोडा चिडूनच विचारलं, "मेसेज वाचला नाही का?" तिने स्वतःच्या पडद्याचा फोटो पाठवला. माझ्या मेसेजसमोर वेळ होती १०:००.

पाडव्याच्या पहाटे आम्ही गुढीची तयारी करत होतो, तेव्हा युरोपात घड्याळं एक तास पुढे सरकली होती. तिकडे दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी हे होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं परत मागे येतात. आपल्याकडे भारतीय वेळ बारा महिने तीच, त्यामुळे फरक साडेचारचा साडेतीन झाला. माझे १:३० म्हणजे आता त्यांचे १०, बैठक उरकलेली. ॲपने काहीही चुकवलं नव्हतं. चॅनेलमध्ये वेळ निवडताना ती माझ्याच घड्याळाची असते आणि मी सांगितलेल्या क्षणालाच मेसेज गेला. चूक माझीच. प्रोफाइलवरची वेळ आत्ता तिकडे किती वाजलेत हे सांगते, सोमवारी किती वाजलेले असतील हे सांगत नाही. मी शुक्रवारचा फरक सोमवारला लावला.

ही चूक स्वतःच्या पडद्यावर कधीच दिसत नाही. प्रत्येकाला मेसेजची वेळ आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसते. मला १:३० दिसत होतं, म्हणजे ठरवल्याप्रमाणेच. तिने फोटो पाठवला नसता तर मी आणखी आठवडाभर रोजचे मेसेज १:३० लाच लावत बसलो असतो. आता घड्याळ बदलाच्या पहिल्या सोमवारी मी तिकडच्या कोणाला तरी विचारतोच, "तुझ्याकडे किती वाजता पडला?"

ऑक्टोबरला चूक उलट्या बाजूने होते आणि ती तितकी महाग पडत नाही. तेव्हा कोणी जुना फरक धरून १२:३० लावलं, तर मेसेज तिकडे ९ ऐवजी ८ ला पोहोचतो. कोणी मुलाला शाळेत सोडत असेल, कोणी ट्राममध्ये असेल, फोन वाजेल, जरा वैतागेल. काम अडत नाही. मार्चमध्ये मात्र मेसेज उशिरा जातो. म्हणून माझ्या लेखी खरा धोक्याचा आठवडा मार्चचाच.

यंदा दिवाळीनंतर, २४ ऑक्टोबरला, मी पुन्हा शुक्रवारीच सोमवारचा मेसेज लावत होतो आणि २६ ला घड्याळं बदलणार होती. या वेळी एक साधी युक्ती वापरली. गूगल कॅलेंडरमध्ये २७ ऑक्टोबरची नोंद केली, तिचा टाइम झोन बर्लिन ठेवला, वेळ सकाळी ९. जतन केल्यावर ती नोंद माझ्या कॅलेंडरवर दुपारी १:३० ला दिसली. तोच आकडा Custom time मध्ये टाकला. कॅलेंडरला त्या तारखेचा नियम माहीत असतो, त्यामुळे डोक्याने बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. ज्यांची माणसं अमेरिकेत आहेत त्यांना तर हे जास्तच लागेल, कारण तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात. युरोप बदललेला आणि अमेरिका बदललेली नाही, किंवा उलट, असे आठवडे वर्षातून दोनदा येतात.

दुसरी गोष्ट शिळ्या मेसेजची. यात ना ॲपची चूक ना घड्याळाची. जुलैमधल्या एका रविवारी मी संध्याकाळी लिहिलं: "नव्या बिल्डवर पॅनेल बंद पडतंय, आज पाठवणी करू नका." सोमवारी दुपारी १२:३० साठी लावलं, उन्हाळ्याच्या हिशोबाने. सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या टीममधल्या ताईंनी शोधून काढलं की बिल्ड ठीक आहे, टेस्टिंगच्या टेबलावरची एक केबल सैल होती. आम्ही हुश्श म्हणून चहाला गेलो. रविवारचा मेसेज माझ्या डोक्यातून पार गेला होता. १२:३० ला तो इमानेइतबारे गेला आणि मी डबा उघडून बसलो होतो. तिकडे त्यांनी पाठवणी थांबवली. तासाभराने ताईंचं चॅनेलकडे लक्ष गेलं तेव्हा उलगडा झाला. वर त्या मला म्हणाल्या, "तू लावून ठेवलायस हे मला कसं कळणार?" खरंच आहे. दुसऱ्याने लावलेला मेसेज कोणालाही दिसत नाही, आणि मी रजेवर असलो तर तो दुसरं कोणी रद्दही करू शकत नाही.

त्यानंतर दोन सवयी लावून घेतल्या. मेसेज जाण्याच्या अर्धा तास आधी फोनवर गजर ठेवतो आणि Scheduled उघडून एकदा वाचतो. आणि बिघाडाबद्दल लिहिलं की ताईंना तोंडी सांगून ठेवतो, अमुक वेळेला असा मेसेज जाणार आहे. रजेवर जायचं असेल तर बिघाडाचे मेसेज शेड्यूल करतच नाही, ताईंनाच लिहायला सांगतो. फाइल कुठे आहे, पासवर्ड कोणाकडे आहे असले न बदलणारे निरोप मात्र बिनधास्त लावतो.

त्या जुलैच्या मेसेजमधला "आज" हा शब्दही माझ्या अंगाशी येता येता राहिला. लिहिताना माझा आज रविवार होता, वाचताना त्यांचा आज सोमवार. सुदैवाने मला सोमवारच म्हणायचं होतं. पण "काल दिसलं", "उद्या देतो" असं लिहून लावून ठेवलं की अर्थ सरळ एक दिवस सरकतो. आता मी वार आणि तारीख लिहितो: "रविवार, १३ जुलैला दिसलं." वाचायला जरा सरकारी पत्रासारखं वाटतं, पण चालतं.

बरोब्बर ९ ला पाठवणंही मी सोडलं. त्या ठोक्याला सगळ्यांचेच लावलेले मेसेज पडतात आणि आपला त्या ढिगात जातो. शिवाय त्यांच्यातला एक जण ८ ला येतो, लीड साडेआठला, एक जण दहाच्या आत कधी उगवतच नाही. मी सरळ विचारलं, तुम्हाला कधी वाचायला बरं पडतं? उत्तर आलं ९:१५, बैठकीच्या पाव तास आधी, कॉफी हातात असताना. म्हणजे माझ्याकडे उन्हाळ्यात १२:४५, हिवाळ्यात १:४५. उन्हाळ्यात मी जेवणाआधी जागेवर असतो, लगेच प्रश्न आला तर उत्तर देता येतं. हिवाळ्यात डबा संपवून नुकताच परतलेला असतो, तेही ठीक.

पुढचा बदल २९ मार्च २०२६ ला आहे, रविवारी. पाडवा तेव्हा १९ तारखेला येतो, म्हणजे गुढी उतरवून दहा दिवस झालेले असतील आणि त्या निमित्ताने काही आठवेल अशी आशा नाही. म्हणून २७ मार्चच्या शुक्रवारी संध्याकाळी ५ ची नोंद कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकली आहे: "बर्लिन, सोमवारपासून १२:४५."