कॅप्शनमध्ये अख्खी पाककृती: नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

मालवणात आमच्या घरचं एक छोटं रेसिपी पेज आहे. रांधते वहिनी, फोटो आणि लिखाण माझं. गेल्या नारळी पौर्णिमेपासून आम्ही प्रत्येक पदार्थाची कॅप्शन एकाच साच्यात लिहितो आहोत: नाव, बाजारातून आणायचं, घरात असलेलं, पायऱ्या, आणि झालं की नाही हे कसं ओळखायचं. शिमगा होऊन गेला तरी साचा बदलावासा वाटलेला नाही. मात्र तो कुठे अडतो हेही आता नीट कळलं आहे.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० कॅरेक्टरची मर्यादा आहे. मराठीत ती दिसते त्यापेक्षा लवकर भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘बांगड्याचं’ दिसायला चार अक्षरं, मोजायला दहा. पण खरी मर्यादा ही नाहीच. पोस्ट सेव्ह करणाऱ्या कितीतरी बायका शेवटी कॅप्शनचा स्क्रीनशॉट काढतात, कारण फोनवरच्या ॲपमध्ये तिथला मजकूर सहज निवडून कॉपी करता येत नाही. म्हणून आमचा नियम एकच: पाककृती एका स्क्रीनशॉटात मावली पाहिजे. ती मावली की २,२०० च्या जवळपासही जात नाही.

दुसरी गोष्ट वहिनीमुळे लक्षात आली. सेव्ह केलेली पाककृती दोनदा उघडली जाते, एकदा मासळी बाजारात आणि एकदा गॅससमोर ओल्या हाताने. बाजारात पायऱ्या नको असतात आणि गॅससमोर खरेदीची यादी नको असते. म्हणून ‘आणा’ आणि ‘घरातलं’ अशा दोन ओळी वेगळ्या केल्या. तिरफळं आणि आमसुलं ‘आणा’मध्ये जातात, कारण इथे ती घरोघरी असली तरी पुण्या-नाशकातल्या घरात सापडतीलच असं नाही. ‘खोबरेल’ एवढंच लिहून भागत नाही, ‘खाण्याचं खोबरेल’ लिहावं लागतं. घाटावर बाटली न्हाणीघरातली निघते.

सगळ्यात जास्त सेव्ह झालेली ही कॅप्शन, जशीच्या तशी:

बांगड्याचं तिखलं. ४ बांगडे, १ वाटी पाणी, वाटण नाही.
आणा: मध्यम बांगडे ४ (साधारण अर्धा किलो), सुकी तिरफळं ८, आमसुलं ५, खाण्याचं खोबरेल
घरातलं: मालवणी मसाला २ मोठे चमचे, हळद अर्धा लहान चमचा, लसूण ८ पाकळ्या, मीठ
१. बांगड्याचे तुकडे, हळद, १ लहान चमचा मीठ. १५ मिनिटं.
२. तिरफळाच्या काळ्या बिया फेका, सालं ठेचा. लसूण ठेचा.
३. टोपात १ वाटी (१५० मिली) पाणी, मसाला, आमसुलं, लसूण. उकळी.
४. मासे घाला, झाकण, मंद आच, ७-८ मिनिटं. चमचा नको, टोप हलवा.
५. तिरफळं घाला, चाखून मीठ. २ मिनिटं.
६. गॅस बंद. वरून १ मोठा चमचा कच्चं खोबरेल. झाकून १० मिनिटं.
झालं कधी: मांस काट्यापासून सुटतं, रस्सा माशाला धरून राहतो.
बर्फातला बांगडा असेल तर पाणी पाऊण वाटी.

पहिल्या ओळीत कौतुक नाही, यावर वहिनी आणि माझं बरंच बोलणं झालं होतं. पण फीडमध्ये सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि पुढे ‘more’ येतं. बोट सरकवणारीला तेवढ्यात कळलं पाहिजे की हे आपल्याला आज जमण्यासारखं आहे. ‘वाटण नाही’ हे दोन शब्द ते काम करतात, कारण नारळ फोडून, खवून वाटण्याच्या कंटाळ्यानेच मासे टाळले जातात.

शब्द कुठे वाचवायचे यापेक्षा कुठे वाचवू नयेत हे शिकायला जास्त वेळ लागला. पायरी दोनमधल्या काळ्या बिया ही तशी जागा. ‘तिरफळं ठेचून घाला’ असं लिहिलं तर नवखी व्यक्ती बीसकट ठेचते आणि सगळा रस्सा कडवट होतो. मिक्सरमध्ये मसाल्याबरोबर फिरवली तरी तोच प्रकार. हे कडूपण नंतर कशानेही जात नाही, म्हणून ती अर्धी ओळ कधीही काढायची नाही. उलट ‘बांगडे स्वच्छ धुऊन घ्या’ हे बिनधास्त गाळावं. ते सगळ्यांना ठाऊक असतं.

पायरी चारमध्ये वहिनीचं वाक्य होतं, “चमचो घालू नको, मासो मोडतलो.” त्यातलं कारण गाळलं, सूचना ठेवली. मीठ दोनदा येतं म्हणून ते दोन्ही ठिकाणी लिहिलं आहे. पाण्याचं माप पायरीत पुन्हा दिलं आहे, कारण गॅससमोर वर सरकून बघायला हात मोकळा नसतो. बाकी मापं पुन्हा देत नाही. सगळीच दिली तर स्क्रीनशॉट दोन होतात.

मिनिटांवर माझा भरवसा कमी आहे. टोप जाड की पातळ, तुकडे केवढे, यावर सगळं बदलतं. त्यामुळे ‘झालं कधी’ ही ओळ मी सर्वात महत्त्वाची मानते. सोलकढीला ती अशी होते: ‘रंग फिका गुलाबी, जिभेला आधी आंबट मग गोडसर.’ सोलकढीत आणखी एक भेद पाळावा लागतो. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस घातला तर त्यात मीठ आधीच असतं, म्हणून ‘मीठ शेवटी, चाखून’. आमसुलं भिजवली तर तसं नाही. एकाच कॅप्शनमध्ये दोन्ही रस्ते दिले की वाचणारी गोंधळते. आम्ही आमसुलांची पाककृती देतो आणि आगळासाठी खाली एक ओळ.

कॅप्शन चांगली झाली की नाही हे लाइकवरून कळत नाही. इन्साइट्समध्ये सेव्हचा आकडा दिसतो, तो आणि खालचे प्रश्न एकत्र पाहावेत. सेव्ह भरपूर आणि प्रश्न एकाच गोष्टीचे, तर ती गोष्ट कॅप्शनमध्ये नाही असं समजावं. तिखल्याखाली सुरुवातीला पुन्हा पुन्हा “रस्सा पातळ झाला” असं यायचं. विचारल्यावर कळलं की लिहिणाऱ्या बहुतेक जणी शहरातल्या, बर्फातली मासळी आणणाऱ्या. ती मासळी शिजताना पाणी सोडते. शेवटची ओळ त्यानंतर आली आणि तो प्रश्न थांबला. पोस्ट नंतर संपादित करता येते हे बरं आहे, पण आधी स्क्रीनशॉट काढलेल्यांकडे जुनंच राहतं. म्हणून बदल केला की कमेंटमध्येही लिहून ठेवतो.

उणिवाही आहेत. फोनवर अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या आईच्या वयाच्या बायकांना एक स्क्रीन पुरत नाही; त्यांच्यासाठी तीच कॅप्शन पोस्टच्या दुसऱ्या चित्रावर मोठ्या अक्षरांत छापतो, आणि ते वेळखाऊ आहे. मालवणी मसाला या साच्यात बसतच नाही, कारण त्यात भाजण्याचा क्रम आणि प्रत्येक जिनसाचा रंग सांगावा लागतो. उकडीच्या मोदकांची उकड बसते (१ वाटी पिठीला १ वाटी पाणी, तूप, मीठ), पण कळ्या पाडणं शब्दांत सांगता येत नाही. तिथे कॅप्शनमध्ये फक्त उकड आणि सारण, बाकी व्हिडिओ.

जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा सुका बांगडा आणि सुकटीच्या कॅप्शन लिहायच्या आहेत. त्यांत ‘आणा’ आणि ‘घरातलं’ यांच्यामध्ये ‘आधी भिजवा’ अशी नवी ओळ घालून बघणार आहोत.