मराठी क्रियापदांचा भिंतीवरचा तक्ता: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वहिनी निजामाबादच्या. घरात तेलुगू, शाळा इंग्रजीत, आणि लग्नानंतर एकदम नांदेड. हिंदीवर दिवस निघतात, पण सासूबाईंशी आणि गल्लीतल्या बायकांशी मराठीतच बोलायचं असं त्यांनी ठरवलं. म्हणून मी मराठी शिकणाऱ्यांसाठी छापलेला क्रियापदांचा हा मोठा तक्ता आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला. मी स्वतः शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शिकणारा आणि शिकवणारा, दोघांच्या बाजूने लिहिते.

कागद जाड आहे, वरचं प्लास्टिक वाफेने उकललं नाही, अक्षर लांबून वाचता येतं. उभे रकाने तीन काळांचे, आडव्या ओळी मी, आम्ही, तू, तुम्ही, तो, ती, ते आणि त्यांची अनेकवचनं. वर्तमान आणि भविष्य या दोन रकान्यांसाठी ही मांडणी उत्तम. बसतो-बसते, बसतोस-बसतेस, बसता, बसतात. बसेन, बसू, बसशील, बसाल, बसेल, बसतील. एक धातू पाठ झाला की बाकीचे बहुतेक त्याच चालीवर जातात. वहिनींना हा भाग महिन्याभरात बोलता येऊ लागला.

अडचण भूतकाळाच्या रकान्यात आहे, आणि हा तक्ता घ्यायचा असेल तर ती आधी समजून घ्या.

बसणे, जाणे, येणे यांच्यापुढे रूपं बरोबर छापली आहेत: मी बसलो, मी बसले, तू बसलास, ती बसली, त्या बसल्या. खाणे, करणे, वाचणे यांच्यापुढे मात्र सगळ्या ओळींत एकच रूप आहे. मी खाल्ले, आम्ही खाल्ले, त्याने खाल्ले, तिने खाल्ले, त्यांनी खाल्ले. फक्त तू आणि तुम्हीच्या ओळीत खाल्लेस, खाल्लेत. यातलं एकही रूप चुकीचं नाही. पण शिकणाऱ्या बाईने हा रकाना वरून खाली वाचला की काय होतं बघा. मी बसले, मी गेले, मी आले, मी खाल्ले. तिला वाटतं, 'ले' म्हणजे मी बाई आहे म्हणून. तक्त्यात ही समजूत मोडणारं काहीच नाही. मग वहिनी म्हणायच्या, "ताई, मी भाकरी खाल्ले," "मी चहा केले." पुरुष शिकत असता तर याच तर्काने "भाकरी खाल्लो" म्हणाला असता.

तेलुगूत हा प्रश्नच येत नाही. नेनु तिन्नानु, मी काहीही खाल्लं तरी शेवटचा 'नु' माझाच. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याचा हात सोडतं आणि कर्माचा धरतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. तिसऱ्या पुरुषात त्याने, तिने असा 'ने' लागतो, म्हणून काहीतरी बदललंय हे निदान दिसतं. 'मी' आणि 'आम्ही' मात्र जसेच्या तसे राहतात. चूक लपते ती तिथेच.

म्हणजे या क्रियापदांसाठी ओळी मी-तू-तोच्या असून भागत नाही, त्या खाल्लेल्या, केलेल्या वस्तूच्या हव्यात. मी कार्डशीटची एक पट्टी कापून त्या रकान्यावर चिकटवली. वर लिहिलं: मी, आम्ही, त्याने, तिने, त्यांनी, सगळ्यांना एकच. खाली सहा घरं: चहा केला, भाजी केली, वरण केलं, लाडू केले, पोळ्या केल्या, थालीपिठं केली. 'तू'साठी यालाच शेवटी 'स' जोडायचा, केलास, केलीस, केलंस. भाजी केली आणि थालीपिठं केली यांचं रूप सारखं दिसतं, म्हणून नपुंसकलिंगी अनेकवचनाचं घर वेगळ्या रंगाने रंगवलं. 'ला' लागलेल्या कर्मासाठी आणखी एक ओळ घातली: मी मुलगी पाहिली, पण मी मुलीला पाहिलं. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याचाही हात सोडतं आणि 'लं'वर थांबतं.

काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्यालाच धरून राहतात. तो धडा शिकला, ती नाव विसरली, ते सामना जिंकले. वहिनींना सगळ्यात पटलेली जोडी साडीची: ती साडी नेसली, पण तिने साडी घातली. नेसली बाईमुळे, घातली साडीमुळे. साडीच्या जागी ड्रेस ठेवा, तिने ड्रेस घातला, की फरक लगेच उघडा पडतो. तक्त्यात शिकणे आणि विसरणे दोन्ही आहेत आणि त्यांची रूपं बरोबर आहेत, पण ती खाणे-करणेपेक्षा वेगळी का, याची साधी खूणही नाही.

अनियमित धातूंना लाल ठिपका दिलाय, तो उपयोगी आहे. मात्र क्रम अकारविल्हे असल्याने एका चालीचे धातू विखुरले आहेत. मी ते एकत्र लिहून घ्यायला लावले. करणे, जाणे, येणे, होणे, मरणे यांचा धातूच पालटतो: केला, गेला, आला, झाला, मेला. घेणे, धुणे, घालणे यांत 'त' येतो: घेतला, धुतला, घातला. सांगणे, मागणे, बघणे यांत 'इत': सांगितला, मागितला, बघितला. देणेचं दिला, खाणेचं खाल्ला. असे गट पाडले की लक्षात येतं, विचित्रपणा सगळा मधल्या भागात आहे, शेवटचं ला-ली-लं-ले-ल्या-ली कुठेच बदलत नाही. आणि हेच धातू वर्तमानात सरळ चालतात, करतो, जातो, घेतो. फक्त असणे साऱ्यांहून वेगळं, आहे आणि होता. त्याला तक्त्याने स्वतंत्र चौकट दिली आहे, हे चांगलं केलं.

आपल्या भागातल्या शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. दाराबाहेर पडलं की वहिनींच्या कानावर "मी त्याला सांगितलो की," "मी काम केलो" असंच येतं. देगलूर, बिलोली, उदगीरकडे ही रूपं सर्रास आहेत, म्हातारी माणसं सहज बोलतात, आणि मी त्यांना अशुद्ध म्हणून हिणवू देणार नाही. पण वहिनींना बँकेत अर्ज लिहायचा असतो, मुलाच्या शाळेत बोलायचं असतं. म्हणून आम्ही पट्टीच्या कडेला घरचं आणि लिहायचं अशी दोन रूपं शेजारी लिहिली. तसंच "तो जायलाय," "काय करायलास?" हे रोजचं चालू वर्तमान तक्त्यात नाही, तिथे फक्त जात आहे, करत आहेस. बाहेरून येऊन मराठवाड्यात राहणाऱ्याला ही ओळ पहिल्या आठवड्यात लागते. ती हातानेच घालावी लागेल.

भूतकाळाच्या नव्या पट्टीसह हा तक्ता मी दुसऱ्या कुणालाही देईन, नुसता देणार नाही. आणि पट्टी लावल्यावरही एक काम उरतंच: चहा पुल्लिंगी, भाजी स्त्रीलिंगी हे कोणताच क्रियापदांचा तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी वहिनींनी वेगळी वही केली आहे. नवा शब्द नुसता लिहायचा नाही, 'केला, केली, केलं' किंवा 'आणला, आणली, आणलं' यातलं एक शेजारी जोडूनच लिहायचा. दही आणलं, साखर आणली, गूळ आणला.